एका ठिपक्याची किंमत

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला माझी जी फजिती झाली, तिच्यापासूनच सुरुवात करते. अभ्यासक्रमाला एक कादंबरी होती. तिची छापील किंमत चारशे रुपये होती. पदपथावर तीच मला एकशे वीस रुपयांना मिळाली आणि मी आनंदाने घरी आले. वाचताना पान १२८ वर नायकाची आई तापाने अंथरूण धरते, आणि लगेच पुढच्या पानावर तिच्या वर्षश्राद्धाची तयारी चाललेली असते. मी क्षणभर थबकले. मग मनाशी म्हटले, मोठे लेखक असेच लिहीत असावेत. मधले सगळे वाचकाने समजून घ्यायचे असेल. पुढे सरांनी वर्गात विचारले, "आईच्या मृत्यूचा प्रसंग लेखकाने कसा रंगवला आहे?" मी उभी राहून आत्मविश्वासाने सांगितले, "सर, लेखकाने तो प्रसंग मुद्दामच वगळला आहे." वर्ग हसला. सरांनी माझी प्रत मागवून घेतली, चाळली आणि शांतपणे म्हणाले, "लेखकाने नाही, छापणाऱ्याने वगळला आहे. तुझ्या पुस्तकात १२८ नंतर थेट १४५ आहे."

वर्गाचे हसणे मी केव्हाच विसरले. मला बोचली ती दुसरीच गोष्ट. पुस्तक तुटके आहे असे माझ्या मनातही आले नाही. माझीच समज तोकडी आहे असे मला वाटले. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट असते, त्यांच्या बोटांना चांगला कागद, चांगली बांधणी लहानपणापासून ओळखीची असते. आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज आलेले हे पहिलेच पुस्तक. खरे पुस्तक हाताला कसे लागते हेच मला ठाऊक नव्हते, मग खोटे ओळखणार कसे? चोरून छापलेल्या पुस्तकांमुळे लेखकाचे आणि प्रकाशकाचे नुकसान होते, असे नेहमी सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. पण माझे म्हणणे असे की, पहिला फटका बसतो तो नवख्या वाचकाला, आणि तो बसला आहे हे त्याला कळतही नाही.

ती सोळा पाने गेली कुठे, हे मी त्यानंतर एका बाइंडरकाकांना विचारले. त्यांनी सांगितले की पुस्तक सुट्या पानांत छापले जात नाही. एका मोठ्या कागदावर बहुधा सोळा पाने छापतात आणि त्याच्या घड्या घालतात. त्याला फॉर्म म्हणतात. सगळे फॉर्म क्रमाने लावले की पुस्तक तयार होते. एकशे अठ्ठावीस पानांचे आठ फॉर्म झाले. माझ्या प्रतीत नववा फॉर्म, म्हणजे १२९ ते १४४ ही पाने, लावायचाच राहिला होता. अशी चूक चांगल्या छापखान्यातही होते, पण तिथे प्रती तपासतात, आणि तरीही एखादी सुटली तर प्रकाशक ती बदलून देतो. चोरट्या छापखान्याला पत्ताच नसतो; प्रत बदलून मागायची कुणाकडे?

यंदा पुन्हा एक कादंबरी लागली. एका विक्रेत्याने फोनवर तिचे चार फोटो पाठवले. "नवीकोरी, छापील किंमत साडेचारशे, तुम्हाला एकशे ऐंशी." आता पुष्कळशी खरेदी अशीच होते. पुस्तक हातात येत नाही, फक्त फोटो येतो. या खेपेला मी पैसे पाठवण्यापूर्वी ग्रंथालयातली प्रत टेबलावर घेतली आणि फोटो तिच्या शेजारी धरून बसले. त्या दोन तासांत जे कळले ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. कादंबरीचे नाव देत नाही, कारण खोट नकलेची आहे, लेखकाची नव्हे.

पहिला फोटो मुखपृष्ठाचा होता. ग्रंथालयाच्या प्रतीवर बाईचे लुगडे कुंकवासारखे लाल आहे, फोटोत ते विटकरी दिसत होते; चेहराही तांबूस आणि केसांचा सगळा भाग एकजीव काळा. हे असे का होते? चोराजवळ मूळ चित्र नसते. तो छापलेले मुखपृष्ठ स्कॅन करतो आणि त्यावरून पुन्हा छापतो. छापील रंगचित्र म्हणजे चार रंगांच्या बारीक ठिपक्यांची जाळी. जाळीचा फोटो काढून त्यावर दुसरी जाळी घातली की मधल्या छटा नाहीशा होतात, गडद भाग आणखी गडद होतो आणि रंग सरकतो. काळ्या अक्षरांच्या बाबतीत तर हे फारच स्पष्ट दिसते. मूळ पुस्तकात मलपृष्ठावरचा काळा मजकूर एकाच काळ्या शाईत असतो. नकलेत तो चित्राचाच भाग होऊन चारही रंगांत छापला जातो, आणि ते रंग केसभर जरी इकडेतिकडे झाले तरी अक्षरांच्या कडांना लालसर, निळसर किनार येते.

पण इथेच घाई करू नये. फोटोतला रंग हा फार कच्चा साक्षीदार आहे. पिवळ्या दिव्याखाली कोणतेही लाल विटकरी दिसते, आणि फोन स्वतःच्या मनाने रंग सुधारतो ते वेगळेच. म्हणून मी विक्रेत्याला विनंती केली, "पुस्तक दिवसा खिडकीपाशी ठेवा, शेजारी वहीचा कोरा पांढरा कागद ठेवा आणि दोन्हींचा मिळून एक फोटो काढा." युक्ती साधी आहे. प्रकाशाचा दोष असेल तर कोरा कागदही पिवळा दिसेल. कागद पांढराच राहिला आणि लाल मात्र विटकरीच दिसले, तर दोष शाईचा. नव्या फोटोत कागद पांढराशुभ्र होता आणि लुगडे विटकरी.

दुसरा फोटो पुस्तकाच्या पाठीचा, म्हणजे कण्याचा होता, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त बोलका तोच. ग्रंथालयाच्या प्रतीत कण्यावरचे नाव बरोबर मधोमध आहे. फोटोत ते एका बाजूला सरकलेले होते आणि कण्याच्या रंगाची बारीक पट्टी वळून मुखपृष्ठावर आली होती. याचे कारण हिशेबातच आहे. पुस्तक ४१६ पानांचे, म्हणजे २०८ कागद. चांगला कागद साधारण ०.०९ मिलिमीटर जाड धरला तर पुस्तकाची जाडी सुमारे १९ मिलिमीटर होते, आणि मुखपृष्ठाचा कणा तेवढाच रुंद काढलेला असतो. चोर वापरतो हलका, वर्तमानपत्राच्या जातीचा कागद; तो ०.०७ मिलिमीटर धरला तर पुस्तक साडेचौदा मिलिमीटरच भरते. मुखपृष्ठ मात्र १९ मिलिमीटरच्या कण्याचेच नकललेले! उरलेल्या साडेचार मिलिमीटरांना कुठेतरी जावेच लागते, म्हणून ते पुढच्या नाहीतर मागच्या बाजूला वळतात. कागद स्वस्त वापरल्याची ही कबुली चोर स्वतःच पुस्तकाच्या पाठीवर लिहून ठेवतो. हुशार चोर मुखपृष्ठ नव्याने बेतून घेतो, तेव्हा ही खूण मिळत नाही. पण मिळाली तर ती फसवी क्वचितच असते.

तिसरा फोटो आतल्या पानाचा. दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरल्या. पाठच्या पानावरच्या ओळी पुढच्या बाजूने करड्या सावलीसारख्या दिसत होत्या, कारण कागद पातळ; आणि अक्षरे फुगलेली होती, कारण असा कागद शाई पिऊन टाकतो आणि शाई फुटते. ही दुसरी गोष्ट आपल्या देवनागरीला फार महागात पडते. इंग्रजी अक्षर थोडे फुगले तरी बहुधा वाचता येते. आपल्याकडे 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ बुजली की तो 'प'सारखा दिसू लागतो. 'भ' आणि 'म' यांतला, 'घ' आणि 'ध' यांतला भेद नखाएवढा, तो नाहीसा होतो. ऱ्हस्व-दीर्घ उकार एकसारखेच गोळे होतात. उलट बाजूने, स्कॅन केलेल्या पानावरचे डाग काढण्यासाठी चित्र स्वच्छ करतात, तेव्हा डागाबरोबर अनुस्वारही पुसला जातो. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही ठिपकेच. मग 'घरांत' आणि 'घरात' एक होतात, 'मंद'चे 'मद' होते, आणि 'चिंता'ची 'चिता' होते. माझ्या गेल्या वर्षीच्या प्रतीत नायिका 'चितेत बसून' असल्याचे वाचून मी खरोखरच दचकले होते. तेव्हा मला ती प्रतिमा वाटली होती!

या फोटोबाबतही एक सावधगिरी हवी. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आपोआप लहान होतो आणि खऱ्या पुस्तकाची अक्षरेही त्यात पुसट दिसतात. म्हणून पूर्ण पानाऐवजी तीन-चार ओळींचा जवळून काढलेला फोटो मागावा, आणि तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावा. मग तो लहान होत नाही. ओळी तिरक्या आहेत का हे पाहताना फोटोच्या चौकटीशी तुलना करू नये, कारण फोन वाकडा धरला असेल. ओळ आणि पानाची वरची कड यांची तुलना करावी. स्कॅन करताना पान वाकडे ठेवले गेले असेल तर ओळी कडेशी समांतर राहत नाहीत, आणि एका पानावरचा समास दुसऱ्या पानावर बदलतो. खऱ्या पुस्तकातही एखादे पान वाकडे कापले जाते, पण प्रत्येक पानाचे वाकडेपण निराळे असेल तर ते स्कॅनचेच काम.

चौथ्या फोटोत पुस्तक उघडे होते, पण विक्रेत्याने ते अर्धवटच उघडले होते. मी वरून, म्हणजे पुस्तकाच्या डोक्याकडून, कण्याचा फोटो मागितला. तिथे बांधणी दिसते. शिवलेल्या पुस्तकात घड्या घातलेल्या फॉर्मच्या लहान लहान कमानी ओळीने दिसतात. नुसत्या गोंदाच्या बांधणीत कमानी नसतात; पानांच्या कडा कापून, खरवडून त्यांना गरम गोंद लावलेला असतो आणि सरळ रेघ दिसते. गोंदाची बांधणी म्हणजे नकलीच, असे मात्र मुळीच नाही. आज बहुतेक प्रकाशक तीच वापरतात. पाहायचा असतो तो गोंद कसा लावला आहे हे. कडा नीट खरवडल्या असतील तर गोंद आत मुरतो आणि एकसारखा पातळ थर दिसतो. घाईच्या कामात तो कुठे जाड, कुठे नाहीच; पहिल्या आणि शेवटच्या पानांत ओघळून ती चिकटलेली, सुरकुतलेली; आणि मधोमध उघडले की कण्याला तडा जाऊन पाने सुटी होतात. विक्रेते पुस्तक पुरते उघडून दाखवीत नाहीत ते यामुळेच असावे. माझ्या या विक्रेत्याने तो फोटो पाठवलाच नाही. "मॅडम, आत सगळं तेच आहे, तुम्हाला वाचायचंच आहे ना?" असे लिहिले. मी व्यवहार तिथेच सोडला.

गंमत पुढेच आहे. त्याच आठवड्यात तृतीय वर्षातल्या एका ताईंनी त्याच कादंबरीची जुनी प्रत दीडशे रुपयांना देऊ केली. मुखपृष्ठावर चहाचा गोल डाग, पाने पिवळी, आणि लाल लुगडे चक्क निळसर! नुकतीच शहाणी झालेली मी लगेच म्हणाले, "ही तर नकली." ताई हसल्या आणि त्यांनी मला मुखपृष्ठाची मलपृष्ठाखाली झाकलेली, आत दुमडलेली कड दाखवली. तिथे लाल रंग कुंकवासारखाच होता. उन्हात छपाईचे पिवळे आणि गुलाबी रंग आधी उडतात, निळा आणि काळा टिकतो. म्हणून खिडकीजवळचे पुस्तक निळसर पडते. हे उडणे असमान असते, कणा जास्त फिका आणि झाकलेला भाग ताजा. नकलेचा रंग मात्र सर्वत्र सारखाच चुकलेला असतो. कागद पिवळा होता, पण पाठच्या ओळी पुढे दिसत नव्हत्या, आणि 'चिंता'वर ठिपका होता. ती प्रत मी घेतली. दिसायला नकलेपेक्षा वाईट, वाचायला अस्सल.

या अनुभवातून निघालेला माझा मुख्य मुद्दा असा : कोणतीही एक खूण पुरावा नव्हे. जुनी अस्सल पुस्तके कधी कधी अगदी साध्या कागदावर निघत. परदेशी प्रकाशकांच्या भारतापुरत्या स्वस्त आवृत्त्यांचा कागद पातळ असतो, पण त्या कायदेशीर असतात. आज काही प्रकाशक मागणीप्रमाणे थोड्याच प्रती यंत्रावर काढतात. त्यांची अक्षरे किंचित चकाकतात. म्हणून कण्यावरचे सरकलेले नाव, बुजलेली अक्षरे, सरसकट बदललेला रंग आणि ओघळलेला गोंद यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या, तरच शंका पक्की धरावी. आपल्यापैकी जे स्पर्धापरीक्षेसाठी एन.सी.ई.आर.टी.ची पुस्तके घेतात, त्यांचे काम तुलनेने सोपे आहे. ती ८० जी.एस.एम. कागदावर छापलेली असतात आणि कागदातच संस्थेचा जलचिन्ह असतो. तसे पुस्तकात छापलेलेही असते. पान उजेडासमोर धरले की चिन्ह दिसते, तेव्हा विक्रेत्याकडून खिडकीसमोर धरलेल्या पानाचा फोटो मागावा. ते छापील वाक्य स्कॅन करता येते. कागदातले चिन्ह स्कॅन करून येत नाही.

आता एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे, कारण तो मी स्वतःच घेत असे. "साडेचारशे रुपये कुठून आणायचे? गरीब विद्यार्थ्याला स्वस्त पुस्तक मिळते तर मिळू द्या." गरिबीची लाज मला वाटत नाही, आणि महाग पुस्तकांची तक्रार माझीही आहे. पण हिशेब पाहा. नकली प्रत एकशे ऐंशीला, जुनी अस्सल प्रत दीडशेला. अस्सल जुनी प्रत पुढच्या वर्षी कुणालातरी शंभरला देता येईल. नकली प्रत तोवर सुटी झालेली असेल. छायाप्रतीचे म्हणाल, तर दिल्ली विद्यापीठाजवळच्या छायाप्रतींच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली निर्णय दिला, की शिक्षणाच्या ओघात लागणाऱ्या उताऱ्यांचे असे संच करणे स्वामित्वहक्क कायद्याच्या सवलतीत बसते. म्हणजे गरजू विद्यार्थ्यासाठी कायद्याने दार अगदीच लावून घेतलेले नाही. पूर्ण पुस्तक छापून, त्यावर प्रकाशकाचे नाव लावून विकणे ही मात्र निराळी गोष्ट. १९५७च्या त्याच कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. छायाप्रत आपण छायाप्रत आहोत हे लपवीत नाही. चोरटे पुस्तक खरे असल्याचे सोंग करते, आणि त्या सोंगालाच माझा विरोध आहे.

या कामी विद्यार्थ्यांना उपदेश करण्यापेक्षा महाविद्यालयाने दोन लहान गोष्टी केल्या तर बरे होईल, असे मी नम्रपणे सुचवते. प्राध्यापक अभ्यासक्रमातले पुस्तक सांगताना केवळ लेखक आणि नाव सांगतात. त्यांनी प्रकाशक, आवृत्ती आणि एकूण पाने फळ्यावर लिहावीत. एवढे कळले असते तर माझी सोळा पाने विकत घेतानाच मोजून झाली असती. दुसरे, ग्रंथालयाने दरवर्षी लागलेल्या पुस्तकांची एकेक अस्सल प्रत कपाटात कुलूपबंद न ठेवता काउंटरवर ठेवावी, तिथल्या तिथे पाहण्यापुरती. तिचा कणा, मुखपृष्ठ आणि एखादे पान शेजारी ठेवून कोणालाही आपल्या फोनमधला फोटो ताडून पाहता येईल. खर्च शून्य.

गेल्या वर्षीची ती प्रत मी फेकलेली नाही. १२९ ते १४४ ही पाने ग्रंथालयात बसून वाचली. आईच्या मृत्यूचा तो प्रसंग लेखकाने फार संयमाने लिहिला आहे. सगळ्या कादंबरीत मला तोच सर्वांत आवडला. तो मी वर्षभर वाचलाच नव्हता, आणि वाचला नाही हे मला माहीतही नव्हते.